दसऱ्याला सुरू झालेलं मशीन आणि घसाऱ्याचे १७१ दिवस

२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. तिथी अशा मागेपुढे होतच असतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण दसऱ्याच्या मुहूर्तावर नवं मशीन सुरू करणाऱ्या कारखानदाराच्या आयकराच्या हिशेबात या दहा दिवसांनी मोठाच फरक पाडला. २०२५ साली नारळ फोडून मशीन चालू केलेल्याला पहिल्या वर्षाचा पूर्ण घसारा मिळाला, २०२४ साली चालू केलेल्याला निम्मा. मशीन तेच, किंमत तीच, पूजाही तशीच.

याचं कारण १८० दिवसांचा नियम. नवं मशीन घेतलं त्या आर्थिक वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं, तर आयकर कायदा त्या वर्षी घसाऱ्याचा दर निम्म्यावर आणतो. ३१ मार्चपासून उलट मोजत गेलं, तर साध्या वर्षात १८० वा दिवस ३ ऑक्टोबरला येतो आणि फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर ४ ऑक्टोबरला. आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला अवजारांची पूजा होते आणि नव्या मशीनचा मुहूर्तही बहुतेक तेव्हाचाच धरला जातो. तो मुहूर्त नेमका या रेषेच्या आसपास पडतो.

तरीही १८० दिवस ही अर्धीच गोष्ट झाली. कारखाना प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर त्याच मशीनचा घसारा दोनदा काढावा लागतो. एकदा कंपनीच्या ताळेबंदासाठी, कंपनी कायद्याच्या नियमांनी, आणि एकदा आयकर विवरणपत्रासाठी, आयकराच्या नियमांनी. वर्षाच्या मधोमध आलेलं मशीन या दोन हिशेबांत वेगवेगळ्या मापाने मोजलं जातं. एका ठिकाणी दिवसागणिक, दुसऱ्या ठिकाणी पूर्ण किंवा अर्धं. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की पुढची सगळी वर्षं चुकत जातात, म्हणून एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवून पाहू.

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत असावा तसा एक छोटा मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर टर्निंग करून द्यायचं काम, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. तिने एक सीएनसी लेथ घेतलं. पुरवठादाराचं बिल १८ सप्टेंबर २०२४ चं, मशीनची मूळ किंमत १८,६०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३,३४,८०० रुपये जीएसटी. वाहतूक आणि क्रेनने उतरवून घेण्याचे ४०,००० झाले. फाउंडेशन, केबल आणि पॅनलचं काम, मशीन बसवणं यांचे १,००,०००. फाउंडेशनचं काँक्रीट पक्कं व्हायला दिवस गेले, नंतर लेव्हलिंग झालं. १२ ऑक्टोबरला सकाळी कंपनीच्या इंजिनिअरने चाचणीचे जॉब काढून दाखवले, कमिशनिंग रिपोर्टवर सही झाली आणि लगेच पूजा होऊन त्याच दिवशी उत्पादन सुरू झालं.

आधी किंमत ठरवू, कारण घसारा ज्या रकमेवर काढायचा तीच चुकली तर पुढे पद्धत कोणतीही असो, उत्तर चुकणारच. मशीन वापरता येईल अशा जागी आणि अशा अवस्थेत आणेपर्यंतचा खर्च किमतीत जातो. म्हणून वाहतूक, क्रेन, फाउंडेशन आणि बसवणूक आत आली. जीएसटी मात्र बाहेर राहिला, कारण कंपनीने त्याचं इनपुट क्रेडिट घेतलं आहे. क्रेडिटही घ्यायचं आणि त्याच करावर घसाराही काढायचा, हे जीएसटी कायद्याला मान्य नाही. तसं केलं तर क्रेडिट गमवावं लागतं. छोट्या कारखान्यांत ही चूक बरीच दिसते, कारण बँकेने कर्ज मंजूर करताना जीएसटीसकट कोटेशन पाहिलेलं असतं आणि टॅलीमध्ये तोच आकडा मशीनच्या खात्याला पडतो.

दुसरी पाचर रोखीची. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली असेल, तर तो खर्च मशीनच्या किमतीत धरला जात नाही. क्रेनवाला "साहेब, रोखच द्या" म्हणतो, खिशातून पंधरा-वीस हजार जातात, आणि तेवढ्या रकमेवर घसारा कायमचा बुडतो. आपल्या उदाहरणात सगळे पैसे बँकेतून गेले आहेत. तेव्हा किंमत ठरली १८,६०,००० अधिक ४०,००० अधिक १,००,०००, म्हणजे बरोबर २०,००,००० रुपये.

आता कंपनीचा स्वतःचा हिशेब. कंपनी कायदा २०१३ ची दुसरी अनुसूची यंत्रसामग्रीचं उपयुक्त आयुष्य ठरवून देते. अशा सर्वसाधारण मशीनसाठी ते १५ वर्षं आहे. आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत, ज्याला आपण भंगार किंमत म्हणू, ती साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरायची नाही. आपल्या मशीनची भंगार किंमत झाली १,००,००० आणि घसाऱ्याने संपवायची रक्कम १९,००,०००.

सरळ रेषा पद्धतीत हे १९ लाख १५ वर्षांत सारखे वाटायचे. दर वर्षी १,२६,६६७ रुपये. सीए मंडळी एसएलएमचा ६.३३ टक्के दर म्हणतात तो हाच, ९५ भागिले १५. पण मशीन पहिल्या वर्षी पूर्ण वेळ नव्हतंच. १२ ऑक्टोबर २०२४ ते ३१ मार्च २०२५, दोन्ही दिवस धरून, ऑक्टोबरचे २०, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबर आणि जानेवारीचे ३१-३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१ मिळून १७१ दिवस होतात. पहिल्या वर्षाचा घसारा म्हणून १,२६,६६७ गुणिले १७१ भागिले ३६५, म्हणजे ५९,३४२ रुपये. इथे "सहा महिने झाले, निम्मा धरा" चालत नाही. कंपनी कायदा ज्या दिवसापासून मशीन आलं त्या प्रमाणात घसारा मागतो, आणि लेखा मानक १० च्या भाषेत तो दिवस म्हणजे मशीन वापरायला तयार झालं तो दिवस. बिलाची १८ सप्टेंबर ही तारीख इथे उपयोगाची नाही.

पहिल्या वर्षी कमी पडलेला भाग जातो कुठे? सरळ रेषेत तो शेवटी जाऊन बसतो. २०२५-२६ ते २०३८-३९ अशी १४ वर्षं पूर्ण घसारा पडेल. मशीनचं पंधरावं वर्ष ११ ऑक्टोबर २०३९ ला संपेल. तेव्हा २०३९-४० मध्ये १ एप्रिलपासूनचे १९४ दिवस उरतील आणि त्यांचा उरलेला घसारा ६७,३२५ रुपये. पंधरा वर्षांचं मशीन सोळा आर्थिक वर्षांत पसरतं, दोन्ही टोकांना तुकडे आणि मधे चौदा सारखे हप्ते. एक्सेलच्या तक्त्यात पंधराच ओळी असतील आणि पहिली ओळ अपुऱ्या वर्षाची असेल, तर शेवटी ६७ हजार रुपये अधांतरी राहतात. पुढे कधी ऑडिटर विचारतो, "हे मशीन लाखाऐवजी एक लाख सदुसष्ट हजारांवर का थांबलंय?" त्याचं मूळ इथे असतं.

दुसरी पद्धत घटत्या शिल्लकेची, म्हणजे डब्ल्यूडीव्ही. हिच्यात दर तोच राहतो, पण तो दर वर्षी उरलेल्या किमतीवर लावायचा. त्यामुळे सुरुवातीला घसारा जास्त आणि पुढे कमी कमी. या दराबद्दल बऱ्याच जणांचा समज असतो की तो सरकारने छापून दिलेला आकडा आहे. कंपनी कायद्याखाली तसं नाही. दुसरी अनुसूची आयुष्य सांगते, दर आपण काढायचा. २० लाखांचे १५ वर्षांत १ लाख उरतील असा दर कोणता, हा साधा प्रश्न आहे आणि एक्सेलमध्ये एका ओळीत सुटतो:

```
=1-(100000/2000000)^(1/15)
```

उत्तर येतं ०.१८१०, म्हणजे १८.१० टक्के. भंगार किंमत या दरातच मुरलेली आहे, म्हणून तो पूर्ण २० लाखांवर लावायचा. आधी १ लाख वजा करून १९ लाखांवर १८.१० टक्के लावणं म्हणजे तीच वजाबाकी दोनदा. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत गेलेल्या खातेवह्यांत ही चूक हमखास सापडते.

पहिल्या वर्षी २०,००,००० चे १८.१० टक्के म्हणजे ३,६२,०००, आणि १७१ दिवसांचे १,६९,५९५. शिल्लक राहिली १८,३०,४०५. दुसऱ्या वर्षी या शिल्लकेवर पूर्ण १८.१० टक्के, म्हणजे ३,३१,३०३. इथे नवख्या माणसाला अडखळायला होतं. घटत्या शिल्लकेत घसारा घटायला हवा होता आणि हा तर जवळपास दुप्पट झाला! पण पहिलं वर्ष अपुरं होतं, त्यामुळे हे बरोबरच आहे. खरी घट तिसऱ्या वर्षापासून दिसते. तेव्हा घसारा येतो २,७१,३३७.

सरळ रेषेत पहिल्या वर्षाचा तुटलेला भाग शेवटच्या वर्षापर्यंत तसाच थांबून राहतो. घटत्या शिल्लकेत तो लगेच दुसऱ्या वर्षाच्या पायात मिसळतो, कारण पहिल्या वर्षी जे कमी झालं नाही ते शिल्लकेत राहतं आणि त्यावर पुन्हा दर लागतो. वर्षाच्या मधोमध घेतलेल्या मशीनच्या बाबतीत दोन पद्धतींमधला मूळ फरक माझ्या मते हाच आहे. (बारकाईने पाहणाऱ्यांसाठी: दिवसांच्या प्रमाणात तुकडे पाडल्यामुळे घटत्या शिल्लकेत १५ वर्षांनी नेमके १,००,००० उरत नाहीत, हजारेक रुपये जास्त राहतात. ते शेवटच्या वर्षी जुळवून घेतात.)

पाळ्यांचंही एक कलम इथे आहे. हे मशीन दुसऱ्या पाळीतही चाललं, तर त्या काळापुरता कंपनीच्या हिशेबातला घसारा दीडपट होतो आणि तीन पाळ्यांत दुप्पट. समजा १ जानेवारी २०२५ पासून ऑर्डर वाढल्या आणि मार्चअखेरपर्यंतचे ९० दिवस दोन पाळ्या चालल्या, तर सरळ रेषेत पहिल्या वर्षी १५,६१६ रुपये वाढतील. पुढच्या आकड्यांत आपण एकच पाळी धरली आहे.

आता आयकर. इथे पद्धत निवडायची मुभा जवळपास नाहीच. वीज निर्मिती करणाऱ्या कंपन्या सोडल्या, तर सगळ्यांना घटती शिल्लकच लागू आहे आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के ठरवून दिलेला आहे. उपयुक्त आयुष्य नाही, भंगार किंमत नाही, दिवसांचं प्रमाण नाही. प्रश्न एकच: १८० दिवस भरले की नाही. आपले १७१ भरले, नऊ कमी. म्हणून पहिल्या वर्षी १५ ऐवजी साडेसात टक्के, १,५०,००० रुपये. शिल्लक १८,५०,०००. दुसऱ्या वर्षी पूर्ण १५ टक्के, २,७७,५००. १ एप्रिल २०२६ पासून जुन्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला असला, तरी ही १८० दिवसांची कसोटी त्यातही आहे.

तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की असे दिसतात:

| वर्ष | कंपनी: सरळ रेषा | कंपनी: घटती शिल्लक | आयकर |
|---|---|---|---|
| २०२४-२५ | ५९,३४२ | १,६९,५९५ | १,५०,००० |
| २०२५-२६ | १,२६,६६७ | ३,३१,३०३ | २,७७,५०० |
| २०२६-२७ | १,२६,६६७ | २,७१,३३७ | २,३५,८७५ |
| तीन वर्षांनी शिल्लक | १६,८७,३२४ | १२,२७,७६५ | १३,३६,६२५ |

आयकराच्या रकान्यात एक सोपी पडताळणी करता येते. पहिल्या वर्षी निम्मा दर लागला असेल, तर त्या मशीनचा दुसऱ्या वर्षाचा घसारा पहिल्याच्या बरोबर १.८५ पट यायला हवा. पहिल्या वर्षी पूर्ण दर लागला असेल, तर ०.८५ पट. सीएकडून आलेल्या तक्त्यात दुसऱ्या वर्षी बरोबर दुप्पट, म्हणजे ३,००,००० दिसले, तर दर शिल्लकेऐवजी मूळ किमतीवर लागला आहे. १,३८,७५० दिसले, तर निम्मा दर चुकून दुसऱ्या वर्षीही चालू राहिला आहे. टॅलीत किंवा एक्सेलमध्ये मागच्या वर्षाची ओळ जशीच्या तशी खाली ओढली की हे सहज होतं.

नऊ दिवसांनी किती नुकसान झालं? ३ ऑक्टोबरच्या आत मशीन चालू झालं असतं तर ३,००,००० चा घसारा मिळाला असता, मिळाला १,५०,००० चा. कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर स्वीकारला असेल, तर अधिभार आणि उपकर धरून तो २५.१६८ टक्के होतो. दीड लाखावर हा कर ३७,७५२ रुपये. पण तो बुडाला म्हणणं बरोबर नाही. दुसऱ्या वर्षी २२,५०० रुपयांचा घसारा जास्त मिळतो, तिसऱ्या वर्षी १९,१२५ चा, आणि असं करत पुढच्या पाच वर्षांत दीड लाखातला निम्म्याहून जास्त भाग परत येतो. नुकसान आहे ते पैसे अडकून पडण्याचं. ज्या वर्षी मशीनचा हप्ता सुरू झाला त्याच वर्षी अडतीस हजार रुपयांचा कर जास्त भरावा लागतो, आणि छोट्या कारखान्याला ते जाणवतं.

म्हणूनच तारीख आणि तिचा पुरावा यांना इतकं महत्त्व. आयकराची कसोटी "वापरात आणलं" ही आहे, "विकत घेतलं" ही नाही. १८ सप्टेंबरच्या बिलावर १९५ दिवस मोजून पूर्ण घसारा काढणं चूक आहे, आणि आकारणी अधिकाऱ्याला ती पकडणं सोपं आहे. तो वाहतुकीची पावती मागतो, कमिशनिंग रिपोर्ट मागतो, वीज बिलातला भार कधी वाढला ते बघतो. याची दुसरी बाजूही आहे. समजा मशीन २८ सप्टेंबरलाच बसून तयार झालं होतं, इंजिनिअरने चाचणीचे जॉबही काढले होते, आणि मालक फक्त दसऱ्यासाठी थांबला होता. चाचणी उत्पादन हा वापरच, असं न्यायालयांनी अनेक निकालांत मानलं आहे. तेव्हा २८ सप्टेंबरपासूनचे १८५ दिवस मागता येतात. मात्र त्या दिवसाचं जॉब कार्ड, किती नग काढले याची नोंद, तपासणीचा अहवाल आणि ऑपरेटरची हजेरी हे कागद फाइलला हवेत. पूजेचा फोटो तेवढा १२ ऑक्टोबरचा आणि बाकी काहीच नाही, अशी फाइल घेऊन अधिकाऱ्यासमोर बसणं अवघड आहे. चाचणीचे दोन-चार जॉब आधी काढून त्यांची नीट नोंद ठेवली आणि पूजा दसऱ्याला केली, तर दोन्ही साधतं.

मोजणीतला एक सापळा इथेच सांगतो. एक्सेलमध्ये दोन तारखांची वजाबाकी केली की पहिला दिवस गळतो. तो परत मिळवायला हवा:

```
=DATE(2025,3,31)-DATE(2024,10,12)+1
```

१२ ऑक्टोबरच्या बाबतीत १७१ ऐवजी १७० आले तरी निकाल बदलत नाही, निम्मा तो निम्माच. पण मशीन ३ ऑक्टोबरला सुरू झालं असेल आणि शेवटचा `+1` विसरला असेल, तर १८० ऐवजी १७९ येतात आणि दीड लाखाचा घसारा हातचा जातो.

आयकरात आणखी एक गोष्ट कंपनीच्या हिशेबाहून वेगळी आहे. तिथे मशीनला स्वतंत्र खातं नसतं. १५ टक्क्यांची सगळी यंत्रं एका गटात जातात आणि घसारा त्या गटाच्या शिल्लकेवर निघतो. आपल्या कंपनीच्या गटाची १ एप्रिल २०२४ ची शिल्लक ९,००,००० होती असं धरू, आणि नव्या मशीनला जागा करायला जुनं लेथ २,००,००० ला विकलं. ही विक्रीची रक्कम आधी पूर्ण दराच्या भागातून वजा होते. उरलेल्या ७,००,००० वर १५ टक्के म्हणजे १,०५,०००, आणि नव्या मशीनच्या २०,००,००० वर साडेसात टक्के म्हणजे १,५०,०००. त्या वर्षीचा एकूण घसारा २,५५,०००. सगळे २७ लाख एकत्र करून त्यावर एकच दर लावला, तर उत्तर कोणत्याही बाजूला चुकतं.

सवलतीचा दर न घेतलेल्या उत्पादक कारखान्याला नव्या मशीनवर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसाराही मिळू शकतो. १८० दिवस भरले नाहीत तर त्यातले १० टक्के पहिल्या वर्षी आणि उरलेले १० पुढच्या वर्षी. आपल्या कंपनीने २२ टक्क्यांचा दर घेतल्यामुळे तिला हा लाभ नाही.

मग कंपनीच्या पुस्तकांसाठी सरळ रेषा घ्यावी की घटती शिल्लक? आयकर कोणत्याही पद्धतीने तेवढाच येतो, कारण त्याचा हिशेब वेगळा आहे. हे मालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. डब्ल्यूडीव्ही घेतली की कर वाचतो, हा समज इतका पक्का आहे की अनेक छोट्या कंपन्या पुस्तकांतही आयकराचाच १५ टक्के दर लावून मोकळ्या होतात. प्रोप्रायटरी किंवा भागीदारीच्या कारखान्यात ते खपून जातं, कारण त्यांना दुसरी अनुसूची लागूच नाही. कंपनीने तसं केलं, तर ऑडिटरला शेरा मारावा लागतो.

फरक पडतो तो दाखवलेल्या नफ्यात. २०२५-२६ मध्ये सरळ रेषेने नफा घटत्या शिल्लकेपेक्षा दोन लाखांहून जास्त दिसेल. खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागायची असेल, तर बँकेसमोर हा आकडा बरा दिसतो. अर्थात, हप्ते फेडायची ऐपत बघताना बँक घसारा नफ्यात परत मिळवूनच बघते, कारण घसाऱ्यात रोकड बाहेर जात नाही. तेव्हा नफा फुगवून फार काही हाती लागत नाही. शिवाय सरळ रेषेत पुस्तकातला घसारा आयकरातल्या घसाऱ्यापेक्षा कमी राहतो, आणि तो फरक ताळेबंदात लांबणीवर पडलेला कर म्हणून दाखवावा लागतो. आपल्या उदाहरणात पहिल्याच वर्षी १,५०,००० वजा ५९,३४२, म्हणजे ९०,६५८ चा फरक आहे आणि त्यावरचा कर २२,८१७ रुपये. आज वाचलेला हा कर पुढे कधीतरी भरावा लागणार आहे, एवढंच ती नोंद सांगते.

माझं मत विचाराल, तर सीएनसी मशीनला घटती शिल्लक जास्त शोभते. नवं असताना ते सगळ्यात जास्त आणि सगळ्यात अचूक काम देतं. पुढे स्पिंडल, बॉलस्क्रू, कंट्रोल पॅनल यांची दुरुस्ती वाढत जाते. सुरुवातीला घसारा जास्त आणि दुरुस्ती कमी, नंतर घसारा कमी आणि दुरुस्ती जास्त, अशी वर्षावर्षाची बेरीज थोडी सारखी होते. साचे, साधा प्रेस, टाकी अशा वस्तू वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने झिजतात, तिथे सरळ रेषेत काही चूक नाही.

हा फरक सगळ्यात उघडा पडतो तो मशीन विकताना. समजा पाच आर्थिक वर्षांनी, १ एप्रिल २०२९ ला, मोठं मशीन घेण्यासाठी हे लेथ ९,००,००० रुपयांना विकलं. सरळ रेषेने त्याची पुस्तकी किंमत तेव्हा १४,३३,९९० असेल, म्हणजे त्या एका वर्षात ५,३३,९९० चा तोटा दाखवावा लागेल. मागच्या पाच वर्षांत न दाखवलेला खर्च एकदम अंगावर येईल. घटत्या शिल्लकेने पुस्तकी किंमत ८,२३,५३७, म्हणजे ७६,४६३ चा नफा. आयकरात यातलं काहीच होणार नाही. गटाच्या शिल्लकेतून ९,००,००० वजा होतील आणि गटात दुसरी मशिनं असतील तोवर उरलेल्या रकमेवर दर वर्षी १५ टक्के घसारा चालू राहील. आणि बदली आलेलं मशीन पुन्हा वर्षाच्या मधेच बसलं, तर जुन्याचे ९ लाख गटाच्या पूर्ण दराच्या भागातून आधी वजा होतील, आणि नव्यावर पुन्हा ३ ऑक्टोबरचा प्रश्न उभा राहील.